वार वेळेआधी सुटते तेव्हा

बाळ जन्मल्यानंतर वार गर्भाशयापासून सुटते, हा निसर्गक्रम. क्वचित मात्र बाळ पोटात असतानाच ती सुटू लागते. बाळाला प्राणवायू वारेतूनच मिळतो. त्यामुळे जेवढा भाग सुटला, तेवढा त्याचा पुरवठा तुटतो आणि सुटलेल्या जागी मातेचे रक्त साचू लागते.

हे रक्त बाहेर येतेच असे नाही. वारेच्या कडा चिकटलेल्या राहिल्या, तर ते मागेच कोंडते. म्हणून कपड्यावरील डागावरून रक्तस्रावाचा अंदाज बांधणे धोक्याचे असते.

उदाहरणादाखल, आठवा महिना लागलेली आणि रक्तदाब वाढलेला असणारी एक गर्भवती घेऊ. मध्यरात्री तिचे पोट अचानक दुखू लागते. काळपट रक्ताचा लहानसा डाग दिसतो. घरातील वडीलधाऱ्या म्हणतात, ‘कळा सुरू झाल्या असतील, सकाळी पाहू.’ पण कळ येते आणि ओसरते. दोन कळांमध्ये पोट सैल पडते. हिचे पोट लाकडासारखे कडक झाले आहे, ते सैल पडतच नाही आणि हात लावला तरी दुखते. बाळाची हालचालही मंदावली आहे. एवढे कळल्यावर सकाळची वाट पाहायची नसते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेले रुग्णालयच गाठावे. वाटेत तिला डाव्या कुशीवर निजवावे. काही खायला-प्यायला देऊ नये.

तेथे सोनोग्राफी होईल, पण ती निर्दोष आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. ताजी गाठ वारेसारखीच दिसते आणि नजरेतून सुटू शकते. अनुभवी डॉक्टर पोटाचा कडकपणा, मातेची नाडी आणि बाळाचे ठोके यांवर अधिक भिस्त ठेवतात. शिवाय या विकारात रक्त गोठवणारे घटकच संपू लागतात. साध्या काचनळीत घेतलेले रक्त सात मिनिटांत नीट गोठले नाही, तर तो गंभीर इशारा असतो. अशा वेळी प्रसूती आणि रक्तपुरवठा ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. बाळ जिवंत पण संकटात असेल, तर बहुधा तातडीने सिझेरियन करावे लागते.

वार गर्भाशयाच्या तोंडाशी असली, तर सहसा लालभडक रक्त जाते, पण पोट मऊ असते व दुखत नाही. तीही तातडीचीच अवस्था, आणि घरी भेद करत बसण्याचे कारण नाही.

वाढलेला रक्तदाब, धूम्रपान, आणि दुचाकीवरून पडणे किंवा पोटाला बसलेला मार ही या विकाराची ठाऊक असलेली कारणे. पडल्यानंतर बरे वाटले तरी तपासणी टाळू नये, कारण वार काही तासांनीही सुटू शकते. मातेचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर तो डॉक्टरांना तेव्हाच सांगावा. तिला अँटी-डी इंजेक्शन लागू शकते. एकदा असे घडलेल्या स्त्रीने पुढील गरोदरपणात पहिल्याच भेटीत त्याची नोंद करून घ्यावी, कारण तिला हा धोका इतरांहून बराच अधिक असतो.