परिचयातील मानाचा क्रम

आमच्या परिसरातील एका सद्गृहस्थांनी या अंकासाठी घरगुती गॅस-सिलिंडरच्या सुरक्षिततेवर लेख पाठविला, आणि सोबतच्या परिचयात शालेय वक्तृत्वस्पर्धेच्या पारितोषिकापासून आरंभ करून, ज्याच्या बळावर वाचकाने त्यांच्या शब्दावर विसंबावे ते अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र नवव्या कलमात नमूद केले. ते आम्ही अग्रभागी आणले. सनावळी सेवापुस्तकाला शोभते, कारण दप्तरातील नोंद कालानुक्रमेच व्हावयाची. परिचयाचा वाचक मात्र पहिल्या दोन ओळींतच लेखकाचा अधिकार पारखतो.

डॉ. जयंत नारळीकरांचे उदाहरण घ्यावे. १९६५ चे पद्मभूषण, १९६७ चे अ‍ॅडम्स पारितोषिक, १९९६ चा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार आणि आत्मचरित्रासाठी २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार, या मालिकेतून विज्ञानप्रसारावरील लेखाखाली कलिंग प्रथम यावा, कारण तो त्याच कार्यासाठी दिला जातो. विश्वरचनाशास्त्रावरील व्याख्यानापूर्वी अ‍ॅडम्स, आणि आत्मचरित्राच्या चर्चेत अकादमी. पद्मभूषण थोर खरे, परंतु विशिष्ट विषयातील अधिकार ते सांगत नाही, म्हणून ते दुसऱ्या स्थानी.

क्रम बदलला तरी प्रत्येक सन्मानापुढील साल कायम राहावे, अन्यथा जुना मान ताजा भासून वाचकाची दिशाभूल होते. आणि मुदत संपलेले प्रमाणपत्र किंवा वर्गणीअभावी खंडित झालेले सभासदत्व, कितीही समर्पक असले तरी, चालू म्हणून मिरवू नये. त्या सद्गृहस्थांच्या प्रमाणपत्राची मुदत आम्ही विचारून घेतली, आणि मगच ते छापले.