हे २० लाख तास कोणाचे?

गेल्या महिन्यात आमच्या एका गँगमन साथीचा मुलगा बायोडाटा घेऊन युनियन ऑफिसात आला. मुलगा आय.टी.आय. फिटर. ठेकेदाराच्या माणसांत पाच वर्षे समुद्रातल्या तेलाच्या रिगवर मेकॅनिकचे काम केलेला. आता दुसरीकडे अर्ज करायचा होता. बायोडाटा एजंटाने टाइप करून दिला होता. त्यात काही चुकले आहे का, एवढेच आम्ही पाहावे अशी बापाची इच्छा होती. नावाखाली पहिलीच ओळ ठळक अक्षरांत होती : '२० लाख तास अपघातविरहित सेवा'.

बंधूंनो, आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलो, पण ड्युटी रोस्टरचा हिशेब आम्हाला येतो. तो त्याच्यासमोरच केला. मुलाची पाळी १४/१४ ची, म्हणजे १४ दिवस समुद्रात आणि १४ दिवस घरी. समुद्रात रोज १२ तास काम. एका खेपेला १६८ तास झाले. वर्षात अशा १३ खेपा, म्हणजे २,१८४ तास. पाच वर्षांचे झाले १०,९२०. एकट्याने २० लाख तास भरायचे तर या मुलाला नऊशे वर्षांहून जास्त नोकरी करावी लागेल. देवगिरीच्या यादवांच्या काळापासून तो ड्युटीवर हवा होता!

मग हा आकडा आला कोठून? रिगवर एका वेळी १०० माणसे धरा. प्रत्येकाचे १२ तास, म्हणजे दिवसाला १,२०० तास. या हिशेबाने साडेचार वर्षांत २० लाख होतात. म्हणजे हे तास मुलाचे नव्हेत, सबंध रिगचे आहेत. जेवणघराबाहेरच्या फलकावर ते लिहिलेले असतात आणि एजंटाने ते तेथून उचलून मुलाच्या नावावर चढवले. मुलाखत घेणारा जाणता असेल, तर या एका ओळीवरून बाकीचा बायोडाटाही खोटा ठरवील.

पण आमचे भांडण केवळ या चुकीशी नाही. 'अपघातविरहित' या शब्दाशीच आहे. या धंद्यात तो फलक बहुधा एकच गोष्ट मोजतो : जखमी माणूस पुढच्या पाळीला कामावर येऊ शकला नाही, अशी घटना. तो आला, निदान आलेला दाखवता आला, की घड्याळ चालू राहते. आम्ही मुलाचा डावा हात पाहिला. तर्जनीचे पेर वाकडे होते. विचारल्यावर त्याने सांगितले. मड पंपाचे, म्हणजे विहिरीत चिखलासारखा द्रव ढकलणाऱ्या पंपाचे झाकण खोलताना बोट चेंगरले होते. जखमेला टाके घालायला हवे होते, पण चिकटपट्टीने ती मिटवली. कारण अमेरिकन पद्धतीच्या नोंदवहीत टाका म्हणजे उपचार आणि पट्टी म्हणजे प्रथमोपचार. आणि प्रथमोपचार नोंदीत मोजला जात नाही. दुसऱ्या दिवशी त्याला स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवून लेबले लिहायला लावले. हजेरी लागली आणि फलकावरचा आकडा वाढत राहिला. पुढे तेच वाकडे बोट लपवून मुलगा बायोडाट्यात 'अपघातविरहित' असे लिहून फिरतो! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. येथे मूठ कामगाराची आणि सव्वा लाख ठेकेदाराचे. कारण तेल कंपन्या कंत्राट देताना ठेकेदाराकडे हाच आकडा मागतात. त्याला तो विकायचा असतो. उद्या बोट कायमचे निकामी झाले, तर भरपाईसाठी कागद मात्र मुलाकडे मागतील. तो कागद कोठून आणणार? ड्युटीवर जखमी झाल्याची नोंद झाली नाही तर पुढे काय हाल होतात, हे रेल्वेत आणि टपालात आपल्याला कोणी शिकवायला नको.

यावर काही शहाणे म्हणतील, आकडा फसवा असेल, पण मोठा आकडा म्हणजे रिग सुरक्षित, एवढे तरी खरे ना? तेही खरे नाही. मेक्सिकोच्या आखातातील 'डीपवॉटर होरायझन' या तरंगत्या रिगवर कामाचा दिवस बुडेल अशी एकही दुखापत सात वर्षे झालेली नव्हती. त्याचे कौतुक करायला मोठे अधिकारी २० एप्रिल २०१० रोजी रिगवर आले होते. त्याच रात्री विहीर उसळली, स्फोट झाला आणि ११ कामगार गेले. विहिरीतले सिमेंट नीट बसले नव्हते आणि दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. घसरलेले पाय आणि चेंगरलेली बोटे मोजणाऱ्या फलकाला विहिरीतला दाब कधी दिसत नाही.

मग बायोडाट्यात लिहायचे काय? आम्ही मुलाबरोबर बसून तो पुन्हा लिहिला. आधी रिगचा प्रकार. एजंटाने नुसते 'ऑफशोअर रिग' लिहिले होते. मुलगा मुंबई हायवर जॅक-अप रिगवर होता. ही रिग समुद्राच्या तळावर पाय रोवून उभी राहते आणि विहीर बंद करणारी झडपांची उतरंड तिच्यावर हाताशी असते. खोल पाण्यातल्या तरंगत्या रिगवर तीच उतरंड समुद्रतळाशी असते आणि तिची देखभाल हे वेगळेच काम. म्हणून आम्ही जॅक-अप, पाण्याची खोली आणि त्याने स्वतः खोललेल्या पंपांची नावे लिहिली.

मग प्रमाणपत्रे. 'सर्व सेफ्टी कोर्स केलेले' या ओळीला काडीची किंमत नाही. समुद्रावर जाण्यासाठीच्या बोसिएट प्रशिक्षणात पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायला शिकवतात. हे प्रमाणपत्र चार वर्षे चालते. मुदतीच्या आत उजळणी केली नाही, तर पुन्हा सगळा कोर्स करावा लागतो, आणि बऱ्याचदा तो स्वतःच्या खिशातून. मुलाच्या प्रमाणपत्राचे सातच आठवडे उरले होते, हे त्याला ठाऊकही नव्हते! आता प्रत्येक प्रमाणपत्रापुढे क्रमांक, संस्था आणि संपण्याची तारीख आहे.

पाळीच्या रकान्यात '१४/१४, १२ तास, दिवस आणि रात्र दोन्ही पाळ्या' एवढेच लिहिले. पण रिलीव्हर न आल्याने तो दोनदा महिनाभर अडकला होता. म्हणून चढण्या-उतरण्याच्या तारखांची एक वही स्वतःजवळ ठेव, असे आम्ही त्याला बजावले. ज्या दिवशी बोट चेंगरले, तो त्याचा समुद्रातला सव्विसावा दिवस होता.

आणि २० लाखांच्या जागी आम्ही काय लिहिले? 'पंप खोलण्यापूर्वी वीज तोडून कुलूप लावणे, दाब सोडून तपासणे आणि वर्क परमिट घेणे ही कामे स्वतः केली. दाब शिल्लक आढळल्याने एकदा काम थांबवले.' पॉवर ब्लॉक घेतल्याशिवाय तारेला हात न लावणाऱ्या आपल्या माणसांना या ओळीची किंमत कळेल. हे काम मुलाच्या हातचे आहे. मुलाखतीत त्यावर चार प्रश्न विचारता येतात आणि त्यांची खरी उत्तरे देता येतात.

बोटाची जाहिरात करण्याची गरज नाही. पण वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर जुनी दुखापत विचारली, तर ती लपवू नकोस, हेही आम्ही सांगितले.

एजंट मात्र रागावला. मालक लोक हाच आकडा मागतात, म्हणाला. मागू द्या! मालकाने आपला आकडा आपल्या फलकावर लिहावा. कामगाराच्या बायोडाट्यात कामगाराचेच तास राहतील. ते १०,९२० आहेत, आणि त्यातला प्रत्येक तास त्या मुलाने खरोखर भरलेला आहे.