ताकद परतली, कंडरा मागेच

गणपती झाले की जिममध्ये जुने चेहरे परत दिसू लागतात. माझ्याकडे असेच एक गृहस्थ आले, वय अडतीस. दोन वर्षं घासून स्क्वॉट १०० किलोंवर नेला होता, मग आठ महिने गॅप. पहिल्या दिवशी ५० किलोंवर पाय थरथरले. तिसऱ्या आठवड्यात ७० सहज उठले आणि पाचव्यात ते ९० मागू लागले.

यात जादू काही नाही. वजन उचलताना मेंदू किती स्नायूतंतू एकदम कामाला लावतो, हे शिकलेलं कसब असतं आणि गॅपमध्ये ते फारसं पुसलं जात नाही. फिनलंडमधल्या युवास्क्युला विद्यापीठाने २०२४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने सलग २० आठवडे व्यायाम केला. दुसऱ्याने १० आठवडे करून १० आठवडे सुट्टी घेतली आणि पुन्हा १० आठवडे केला. सुट्टीत स्नायूंचा आकार उतरला, ताकद त्यामानाने कमी उतरली. शेवटी दोन्ही गट जवळपास एकाच ठिकाणी पोहोचले.

आकार परत येण्याचं कारण आणखी खोल आहे. स्नायूतंतू जाड होताना भोवतीच्या उपग्रह पेशी त्याला आपली केंद्रकं देतात. तंतूतली प्रथिनं बनवण्याचं काम या केंद्रकांच्या हुकमाने चालतं. ऑस्लोच्या ब्रुसगार्ड आणि गुंडरसन यांनी २०१० साली उंदरांवर दाखवलं की नस कापून स्नायू सुकवला तरी ही जादा केंद्रकं तीन महिने टिकून होती. म्हणजे इमारत खचली, पण गवंडी तिथेच बसून आहेत. माणसात ती किती काळ टिकतात यावर अजून वाद आहे, तेव्हा 'एकदा कमावलं की जन्मभर' असं मेंबरला सांगू नका.

आपली खरी चूक पुढे होते. स्नायूचा हा वेग कंडरेला, म्हणजे टेंडनला नसतो. तिच्यातली रक्ताची ये-जा कमी, त्यामुळे ती सावकाश घट्ट होते. आमच्या गृहस्थांना पाचव्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली बोटाने दाखवता येईल अशा एका जागी दुखू लागलं. वॉर्मअपनंतर ते नाहीसं व्हायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पुन्हा यायचं. स्नायू दुखला तर मांडीभर पसरून दुखतो आणि दोन-तीन दिवसांत ओसरतो. असं ठराविक जागेचं, सकाळी परतणारं दुखणं मात्र कंडरेचं समजावं.

मी वजन ७० वर आणलं, खाली जायला मोजून तीन सेकंद लावले आणि आठवड्याला पाच किलोंहून जास्त वाढवायचं नाही असं ठरवलं. ते रागावले. ताकद आहे तर अडवता का, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांच्या मांडीपुरता तो बरोबरच होता.