रक्ताचा पुरावा

आमच्या सास्तूरकडे एक शब्द फार स्वस्त झाला आहे. तो शब्द म्हणजे 'रक्त'. कुणाचा मुलगा हिशेबात हुशार निघाला की त्याच्या रक्तात व्यापार असतो. कुणी भांडणात पुढे झाला की त्याच्या रक्तात तलवार असते. आणि शिवारातली मोटार चोरीला गेली की पहिला संशय जातो तो पारध्यांच्या पालावर, कारण चोरी म्हणे त्यांच्या रक्तात असते. बोलणारे शिकलेले असतात, न शिकलेलेही असतात. पूर्वी हेच लोक 'कर्म' म्हणत, 'संचित' म्हणत. आता 'जीन्स' म्हणतात. शब्द शास्त्रातला आला एवढेच; विचार होता तिथेच बसून आहे.

समाजासमाजांत फरक दिसतात हे मी नाकारीत नाही. शिक्षणात दिसतात, मिळकतीत दिसतात, तुरुंगाच्या नोंदवहीतही दिसतात. माझे भांडण फरकाशी नाही. त्या फरकाचे कारण शरीरात शोधण्याशी आहे. हा शोध नवा नाही. तो एकदा मोठ्या थाटामाटात, हातात मोजपट्टी घेऊन झालेला आहे. त्याचे काय झाले ते तरी आपण पाहावे.

१९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले हे नाक मोजीत. नाकाच्या रुंदीला उंचीने भागावे आणि शंभराने गुणावे. येईल तो नासिकांक. नाक पन्नास मिलिमीटर उंच आणि छत्तीस रुंद असेल तर अंक आला बहात्तर. सत्तरच्या आत अंक असला की नाक तरतरीत, पंचाऐंशीच्या वर गेला की बसके. रिस्ले यांचा सिद्धांत असा की जात जितकी वरची तितके तिचे नाक अरुंद. म्हणजे जातीची उतरंड ही मुळात वंशांची उतरंड आहे. १९३२ साली डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी हीच मापे पुन्हा तपासली, तेव्हा उत्तर हिंदुस्थानाबाहेर ही शिडी उभीच राहीना. पुढे १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना हेच आकडे हाती घेतले आणि दाखवून दिले की नाकाच्या मापाने ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. ज्या मोजपट्टीने माणसांना खाली ढकलले, तीच मोजपट्टी त्यांनी साक्षीला उभी केली.

याहून मोठी परीक्षा बर्लिनमध्ये झाली आणि ती देणारी आपलीच एक मराठी स्त्री होती. इरावतीबाई कर्वे मराठी वाचकाला ठाऊक आहेत त्या 'युगान्त'च्या लेखिका म्हणून. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकत होत्या, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. हे फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशविचाराचे मोठे आधारस्तंभ झाले. त्यांच्या संस्थेत कल्पना अशी की गोऱ्या युरोपियनाच्या कवटीची डावी-उजवी बाजू इतरांपेक्षा अधिक असमान असते आणि ती त्याच्या वरचढ बुद्धीची खूण आहे. हे तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी युरोपियनांच्या कवट्या मोजल्या, वसाहतींतून नेलेल्या माणसांच्याही मोजल्या. असमानता सगळ्याच कवट्यांत सापडली. पण तिचा वंशाशी संबंध सापडला नाही. त्यांनी तसे लिहिले. परक्या देशात, ज्याच्या हाती आपली पदवी आहे त्याच्या आवडत्या कल्पनेविरुद्ध लिहिले. मापे प्रामाणिकपणे घेतली तर ती काय सांगतात, याचा हा नमुना आहे.

तरीही कोणी म्हणेल की नाकाडोळ्यांचे सोडा, गुणांचे बोला. शौर्य तर रक्तात असतेच ना? त्यावर महारांच्या पलटणीची हकिकत पुरेशी आहे. १८१८ च्या पहिल्या जानेवारीला कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या मुंबई फौजेतून महार शिपाई लढले. तिथल्या स्तंभावर 'नाक' या प्रत्ययाने संपणारी त्यांची नावे आजही वाचता येतात. पुढची पाऊणशे वर्षे ते त्या फौजेत होते, डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार त्यांतलेच. मग लष्करी अधिकाऱ्यांत 'लढवय्या जमातीं'चा सिद्धांत मान्य झाला. काही जमाती जन्माने शूर, बाकीच्या जन्माने नाहीत. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. १९१७ साली महायुद्धाला माणसे कमी पडू लागली, तेव्हा महारांची पलटण पुन्हा उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ मध्ये ती मोडली. दुसरे महायुद्ध आले आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली; ती आजही भारतीय सेनेत आहे.

आता हिशेब करा. याच लोकांचे रक्त १८१८ मध्ये शूर होते, १८९२ मध्ये भित्रे झाले, १९१७ मध्ये पुन्हा शूर, १९२१ मध्ये पुन्हा भित्रे आणि १९४१ मध्ये पुन्हा शूर. रक्त इतक्या लवकर बदलत नाही. बदलत होती ती साहेबाची गरज. 'वंश' नावाची वस्तू अशी घडते. आधी कुणाला आत घ्यायचे, कुणाला बाहेर ठेवायचे ते ठरते, आणि मागून त्या निर्णयाला रक्ताचे कारण चिकटवले जाते. मोजणारा निसर्गाची नोंद करीत नाही, आपल्याच दप्तराची नोंद करतो.

शेतकरी वाचक इथे एक रास्त शंका काढतील. देवणी आणि खिलार हे वाण जन्मानेच वेगळे, मग माणसांचे का नसावेत? वाण माणसाने वळू निवडून निवडून घडविले आहेत. माणसांची निवड अशी कुणी केलेली नाही. जातीत लग्ने केली म्हणजे वळू निवडणे झाले असे नव्हे. लग्न जमते ते गोत्र, नाते आणि जमीनजुमला बघून. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील आणि हार्वर्डमधील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखविले की साधारण चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी या देशातले लोक एकमेकांत भरपूर मिसळले होते. जातीत जात बांधली गेली ती त्यानंतर. या बांधणीच्या खुणा जनुकांत सापडतात, हे खरे. पण खूण सापडणे वेगळे आणि त्या खुणेने अक्कल किंवा चारित्र्य ठरणे वेगळे. अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड ल्युऑन्टिन यांनी १९७२ मध्ये जगभरच्या रक्तगटांचा आणि प्रथिनांचा हिशेब मांडला. माणसामाणसांतल्या एकूण फरकापैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडला. म्हणजे फरकाचा मोठा भाग आपल्या आणि आपल्या शेजाऱ्याच्या दरम्यानच असतो; परका समूह त्यात थोडीच भर घालतो.

याच ल्युऑन्टिननी दिलेला एक दाखला आमच्या शिवाराला फार जवळचा आहे. तो मी आमच्या भाषेत सांगतो. ज्वारीचे सरमिसळ बी एकाच पोत्यातून घ्या. अर्धे काळ्या कसदार रानात पेरा, अर्धे मुरमाड माळावर. काळ्या रानातही सगळी ताटे सारख्या उंचीची येणार नाहीत. जमीन एकसारखी आहे, तेव्हा ताटाताटांतला तो फरक बियाचा. माळावरही तसेच. पण काळ्या रानाची ज्वारी पुरुषभर उंच आणि माळावरची गुडघाभर, हा जो दोन रानांतला फरक, तो सगळाच्या सगळा जमिनीचा. कारण पोते एकच होते. म्हणून एखादा गुण आईबापांकडून उतरतो हे सिद्ध झाले, तरी दोन समाजांतला फरक उतरला असे सिद्ध होत नाही. वंशवाद्याची सगळी चलाखी या दोन गोष्टी एक करण्यात आहे.

जमिनीचा फरक विसरला की काय होते, हे सास्तूरला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला. या भागातली आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. आमच्याकडची घरे दगडामातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड माळवद. ती झोपलेल्यांवर कोसळली. गावकुसाच्या कडेला कुडाच्या आणि पाचटाच्या झोपड्या होत्या. त्या हलल्या, पण अंगावर पडायला त्यांच्यात वजनच नव्हते. बर्लिनच्या त्या संस्थेत कुणी मृतांची यादी नुसती समाजवार लावून पाहिली असती, तर अमक्यांच्या शरीरात धक्का सोसण्याची ताकद अधिक आणि तमक्यांच्या कमी, असा निष्कर्ष त्याला सहज काढता आला असता. आपण हसतो, कारण आपल्याला भिंत माहीत आहे. शाळा, सावकार, पाणवठा, पोलीस ठाणे यांच्या भिंती दिसत नाहीत. म्हणून तिथे आपण हसत नाही, मान डोलावतो.

आता पुन्हा पालाकडे येतो. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ पासून तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाला लावता येऊ लागला. फासेपारधी, कैकाडी अशा जमातीत जन्म झाला की माणूस संशयित. त्याने हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचे नाही. आमच्यापासून जवळच, सोलापुरात, अशा लोकांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. आणि गंमत पाहा, त्याच कुंपणातली 'जन्मजात गुन्हेगार' माणसे गिरणीत मागावर उभी राहून कापड विणीत होती. जन्माने चोर असणारा माणूस भोंगा वाजला की कामावर हजर कसा होतो, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडला नाही. १९५२ साली कायदा रद्द झाला, तारा निघाल्या. पण सत्तर वर्षे उलटून गेली तरी चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पालावर जाते. जिथे झडती अधिक तिथे अटक अधिक; अटक अधिक तिथे नोंद अधिक; आणि मग तीच नोंद दाखवून आपण म्हणतो, बघा, रक्तातच आहे! ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याच्या पोराला शाळेत दाखला नाही, ज्याला कुणी सालगडी म्हणूनही ठेवत नाही, त्याची ज्वारी गुडघाभर राहिली याचा दोष आपण पोत्यातल्या बियाला देतो.

रक्ताचे कारण सांगण्यात एक मोठी सोय आहे. कारण रक्तात असले की उपाय करायला नको. जमिनीत असले तर जमीन आपल्यालाच सुधारावी लागते, आणि बहुधा आपल्या वाट्याची थोडी सोडावीही लागते. भूकंपानंतर नवी घरे उभी करताना भूकंपाला टिकतील अशी बांधायची असे ठरले; माणसांची हाडे जाड करायचे कुणी सुचविले नाही. त्या वेळी जे शहाणपण आपल्याला भिंतीबद्दल सुचले, ते पालाबद्दल सुचत नाही, कारण पालातली माणसे तशीच राहण्यात आपल्यापैकी पुष्कळांचे काही बिघडत नाही.