फोन बोलू दे, माणसाला आकडा दाबू दे

ज्याला वाचता येत नाही त्याला फोनशी नुसतं बोलू द्या, प्रश्न मिटला, असं म्हणणारे हल्ली पुष्कळ भेटतात. त्यांची बाजू लंगडी नाही. फोंडाघाटच्या एखाद्या वाडीतली पासष्टीची आजी मुंबईच्या लेकाशी तासभर फोनवर बोलते. तिला अक्षर नडतं, आवाज नडत नाही. मग बटणं काढून टाका, ती बोलेल आणि यंत्र समजून घेईल.

पण लेकाशी बोलणं वेगळं आणि यंत्राला कळेल असं बोलणं वेगळं. गुजरातेत ‘आवाज ओटलो’ ही शेतकऱ्यांसाठीची फोनसेवा उभी राहत असताना संशोधकांनी हेच ताडून पाहिलं. तीच कामं काहींनी शब्द उच्चारून केली, काहींनी आकडा दाबून. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आकडा जिंकला. आठवीच्या आत शाळा सुटलेल्यांत तर हा फरक ठळक होता. म्हणजे ज्यांच्या नावानं आवाजाचा पुकारा होतो, त्यांनाच बटण सोपं गेलं. मला यात नवल वाटत नाही. कधी बोलायचं, किती मोठ्यानं, चुकलं तर पुन्हा काय म्हणायचं, ही अनिश्चितता आकड्यात नसते. दाबलं की दाबलं.

यावर उत्तर येतं की 2009 जुनं झालं, आता यंत्राचे कान तयार झालेत. झालेत, नाही कशाला म्हणू? पण कशावर तयार झाले ते पाहा. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पालघरमधल्या आमले गावातून, पुण्याच्या खराडीतल्या वस्तीतून आणि मुंबईच्या आयआयटीतून मराठी आवाज गोळा केले गेले. कमी उत्पन्नाच्या लोकांनी नोंदवलेला आवाजही तितकाच कामाचा ठरतो, हे त्यातून दिसलं. प्रयोग उत्तम, पण त्यात वाक्यं वाचून बोलायची होती. ज्याला वाचता येत नाही, तो अशा संग्रहात येणार कसा? अलीकडे उत्स्फूर्त बोलणंही नोंदवतात, हे खरं. तरी “काजीचो मोहोर करपता, काय मारूक व्हया?” हे यंत्राला नेमकं कळलं, असं धरून कुणी औषधाचं प्रमाण सांगू नये.

पैशाच्या कामात तर बोलण्याचा हट्ट घातकच. मार्च 2022 मध्ये साध्या फोनसाठी ‘यूपीआय 123पे’ आलं. तिथल्या आवाजी सेवेतही पिन बटणांनीच टाकायचा असतो. बाजारात उभं राहून गुपित आकडे मोठ्यानं म्हणायला कोण तयार होईल?

मग आवाज कुठे हवा? यंत्राकडून माणसाकडे, आणि माणसाकडून माणसाकडे. समजा, त्याच आजीच्या काजूवर ढेकण्या पडला आहे. ती मिस्ड कॉल देते, फोन उलट येतो, म्हणजे तिचा पैसा जात नाही. आवाज म्हणतो, “काजूसाठी एक दाबा, भातासाठी दोन, बाकी कशासाठीही तीन.” आधी काम, मग आकडा. उलट क्रमानं सांगितलं, तर आपलं काम ऐकू येईतो त्याचा आकडा विसरलेला असतो. पर्याय तीनच, कारण यादी पुन्हा पाहायला समोर पडदा नाही. पुढे आणखी एकच प्रश्न, पालवी, मोहोर की फळ, कारण फवारणी त्यावर ठरते. मग टिंग वाजल्यावर ती तिच्या मालवणीत मिनिटभर बोलते. ते यंत्रानं समजायची गरज नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातला जाणता माणूस ऐकेल आणि स्वतःच्या आवाजात उत्तर भरून ठेवेल. ‘आवाज ओटलो’मध्येही सर्वांत जास्त वर्दळ अशा सवाल-जवाबाच्या भागातच होती.

आवाजाचा एक दोष मात्र त्याचे भक्त सांगत नाहीत. तो टिकत नाही. दहा लिटर पाण्यात किती मिली, हे ऐकलं आणि दुकानापर्यंत विसरलं, तर पंपात काय पडेल? म्हणून उत्तर त्याच नंबरावर मिस्ड कॉल दिला की पुन्हा ऐकू यायला हवं. म्हणजे फोन दुकानदाराच्या कानाला लावता येतो, आणि चिठ्ठी लिहिता न येणाऱ्याच्या हाती चिठ्ठी येते.

‘माणूस बसवायचा तर खर्च वाढतो’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो खरा आहे. मोहोराच्या दिवसांत प्रश्न तुंबतील, आठवड्यानं आलेलं उत्तर फुकट जाईल. तेव्हा यंत्राला कामाला लावा, पण तुंबलेल्या प्रश्नांत एकसारखे कुठले ते जाणत्या माणसापुढे एकत्र मांडण्यापुरतं. त्यात ते चुकलं तर माणसाला ऐकताना कळतं. सेवा कुठे अडते, हेही लपत नाही. लोक यादी संपण्याआधी फोन ठेवत असतील, तर यादी लांब आहे. टिंगनंतर नुसती शांतता भरली जात असेल, तर सूचना कळलेली नाही. असे दहा-वीस फोन दर आठवड्याला कुणीतरी बसून ऐकावेत, आणि ऐकणाऱ्याला मालवणी येत असावी.