"दादी, मी त्या दिवशी आजारी पडणार आहे"

गेल्या वर्षी माझी नात तिसरीत होती. एके दिवशी तिला वर्गासमोर उभे राहून पाच वाक्ये बोलायची होती. त्या दिवशी सकाळीच तिच्या पोटात दुखू लागले. चेहरा उतरलेला, हात गार. सुनेने तिला घरी ठेवून घेतले. अकरा वाजता, म्हणजे शाळेतला तो तास संपल्यावर, पोरगी अंगणात लगोरी खेळत होती.

घरात कुणीतरी म्हणाले, "नाटक केले." पण ते नाटक नव्हते. पोट खरेच दुखत होते आणि भीतीचे कारण टळताच ते खरेच थांबले. चूक झाली ती आम्हा मोठ्यांची. त्या दिवशी ती एवढेच शिकली की घरी राहिले की बरे वाटते.

यंदा चौथीत बाईंनी स्नेहसंमेलनात कविता म्हणायला तिचे नाव घातले. पावसावरची सोळा ओळींची कविता, समोर दोन-तीनशे माणसे. शाळेची चिठ्ठी घरी आली त्या रात्री ती माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "दादी, मी त्या दिवशी आजारी पडणार आहे."

हातात तीन आठवडे होते. ते आम्ही कसे वापरले, ते आज सांगते. ज्यांच्या घरात एखादे मूल पहिल्यांदाच स्टेजवर जाणार आहे, त्यांना याचा उपयोग होईल.

पहिल्या दिवशी मी तिला "घाबरू नकोस" असे म्हटले नाही. तसे म्हटल्याने भीती जात नाही, फक्त मूल ती लपवू लागते. त्याऐवजी आम्ही दोघींनी भीतीला गुण द्यायचे ठरवले. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे पळून जावेसे वाटते. "आत्ता स्टेजचा विचार केलास तर किती?" ती म्हणाली, "दहा." "आणि माझ्यासमोर म्हणायची झाली तर?" थोडा विचार करून म्हणाली, "तीन." मला हेच हवे होते. तीन आणि दहा यांच्यामध्ये पायऱ्या बांधता येतात.

तिला शरीरात काय होते तेही सांगितले. भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागते. हृदय जोरात धडधडते. रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते, म्हणून बोटे गार पडतात. पचन मंदावते, म्हणून पोटात गोळा येतो आणि तोंड कोरडे पडते. यात आजार काही नाही. हे कळल्यावर तिचा अर्धा घोर कमी झाला, कारण तिला वाटत होते की असे फक्त तिलाच होते.

श्वास : आधी घरी, मग स्टेजवर

आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडतो तेव्हा किंचित मंदावतात. म्हणून बाहेर सोडलेला श्वास आत घेतलेल्या श्वासापेक्षा लांब हवा. तिला मी उताणे झोपवले आणि पोटावर एक हलकी वही ठेवली. नाकाने श्वास घेताना मनात तीन आकडे मोजायचे आणि वही वर यायला हवी. मग ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसा, पाच आकडे मोजत सोडायचा आणि वही खाली जायला हवी. श्वास रोखून धरायचा नाही. असे दहा श्वास, रोज मगरिबनंतर. चार-पाच दिवसांनी तेच बसून, मग उभ्याने, पोटावर हात ठेवून.

इथे एक चूक नेहमी होते. "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे" असे आपण म्हणतो आणि मूल भराभर छाती फुगवते. तसे केल्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर जातो आणि डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात. मूल आणखी घाबरते. खांदे वर उचलले जात असतील किंवा चक्कर आल्यासारखे वाटत असेल, तर श्वास चुकीचा चालला आहे असे समजावे आणि थांबून नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा.

दुसरी गोष्ट, हा श्वास ऐनवेळी शिकवून चालत नाही. शांत असताना पंधरा दिवस केलेला असेल, तरच तो घाबरलेल्या क्षणी आठवतो. आणि तो भीती पुसून टाकत नाही. आठवरची सहावर आणतो, तेवढे पुरे असते.

पाठांतर : चार दरवाजे

मुले कविता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एका दमात घोकतात. मग मध्ये एक शब्द निसटला की सगळी माळच तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. म्हणून आम्ही सोळा ओळींची चार कडवी वेगळी पाठ केली. चार कागदांवर प्रत्येक कडव्याची फक्त पहिली ओळ लिहिली आणि चिठ्ठ्या केल्या. जी चिठ्ठी निघेल, तिथून पुढे म्हणायचे. त्या चार ओळींना आम्ही दरवाजे म्हणायचो.

नियम ठरला : अडकलीस तर एक श्वास सोड आणि आत्ताच म्हटलेली ओळ पुन्हा म्हण. तरी पुढचे आठवले नाही, तर पुढच्या दरवाजातून आत शीर. दोन ओळी सुटल्या तर ऐकणाऱ्यांना बहुधा कळतही नाही. आम्ही मुद्दाम अडकण्याचा सराव केला. ती म्हणत असताना मी मध्येच टाळी वाजवायची आणि तिने थांबून तिथूनच पुढे जायचे.

पहिल्या दोन ओळी मात्र इतक्या पक्क्या केल्या की केस विंचरताना, जिना चढताना, कूकरची शिट्टी होत असतानाही त्या तोंडातून याव्यात. सर्वांत जास्त भीती सुरुवातीला वाटते. पहिल्या दोन ओळी सुखरूप गेल्या की आवाज स्थिर होऊ लागतो.

आणखी एक, ती म्हणत असताना आम्ही उच्चार सुधारले नाहीत. जे सांगायचे ते शेवटी, तेही एकच.

पायऱ्या : एकेक करून

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावरचे आपले काम प्रसिद्ध केले होते. मुलाला आवडीचा खाऊ देऊन त्या ससा दूर ठेवत आणि बैठकीगणिक थोडा जवळ आणत. शेवटी त्या मुलाने सशाला स्वतः हात लावला. आमच्या घरचा ससा म्हणजे स्टेज. तोही थोडा थोडा जवळ आणायचा होता.

पहिली पायरी माझ्यासमोर, उभे राहून. दुसरी रात्रीच्या जेवणानंतर अम्मी-अब्बूंसमोर. तिसरी घरातले सगळे समोर आणि धाकटा भाऊ मध्येच इकडून तिकडे फिरणार. चौथी शेजारच्या खाला आणि त्यांची मुले. पाचवी वर्गात, बाईंच्या परवानगीने. सहावी रिकाम्या स्टेजवर, माइकसमोर. प्रत्येक पायरी एकदा करून सोडायची नाही. भीतीचे गुण साधारण निम्म्यावर येईपर्यंत ती पुन्हा करायची, मगच पुढची. अब्बूंसमोर पहिल्या रात्री सहा गुण होते, तिसऱ्या रात्री दोन.

मग आम्ही घसरलो. चौथ्या पायरीला शेजारून दोघांऐवजी सात जण आले. तिसऱ्या कडव्यावर एक मुलगा हसला आणि ती रडत आत पळाली. गुण नऊ. सून म्हणाली, "अम्मी, जाऊ दे. बाईंना नाही म्हणून कळवते."

मला गेल्या वर्षीची लगोरी आठवली. पायरी उंच झाली, हे खरे होते. पण तिथेच सोडले असते तर पळणे हाच उपाय तिच्या मनात पक्का झाला असता. आणि ओढत बाहेर आणून म्हणायला लावले असते, तर उलटा धडा मिळाला असता. तिचे रडू थांबू दिले. मग विचारले, "फक्त खालांना, इथे खोलीत, पहिले कडवे म्हणशील?" ती म्हणाली. चार ओळी. दिवस तिथे संपवला. दुसऱ्या दिवशी खाला आणि त्यांची एक मुलगी, पूर्ण कविता, सहा गुण. चौथ्या दिवशी तेच सात जण, तीन गुण. पायरी अवघड निघाली तर मध्ये आणखी एक छोटी पायरी घालायची, शिडी सोडायची नाही.

एक लबाडी मात्र उशिरा लक्षात आली. ती प्रत्येक वेळी कवितेचा कागद मुठीत घेऊन उभी राहायची. वाचत नव्हती, पण मुठीत हवाच. अशा वेळी मुलाला वाटते, जमले ते कागदामुळे. पाचव्या पायरीआधी तो कागद माझ्या हातात आला. गुण एका दिवसापुरते वाढले आणि पुन्हा उतरले.

तो दिवस

दीड-दोन तास आधी हलके खाणे, नंतर पाण्याचे घोट, आणि लघवीला जाऊन येणे. नवे टोचणारे कपडे नकोत, चपलाही वापरातल्याच हव्यात. शेवटच्या तासात पाठांतर तपासू नये. त्याने शंकाच वाढते. तिच्या आधी दोन कार्यक्रम शिल्लक असताना तिने पडद्याआड पाच श्वास घेतले. मी विचारले, "किती?" म्हणाली, "सात. पण आजारी नाही."

माइकसमोर ती क्षणभर गप्प उभी राहिली. मग बिस्मिल्लाह म्हणताना ओठ हलले आणि सुरुवात झाली. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी अडकली. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिचे पोट हलताना मला लांबून दिसले. तिने आधीची ओळ पुन्हा म्हटली, पुढची आठवली नाही, आणि ती सरळ तिसऱ्या दरवाजातून आत शिरली. एक ओळ पावसात वाहून गेली. टाळ्या मात्र पूर्ण कवितेच्या मिळाल्या.

एवढे करूनही काही मुलांना हे पुरत नाही. घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत महिनाभराहून जास्त काळ एक शब्दही बोलत नसेल, किंवा कार्यक्रम नसतानाही रोज शाळेच्या वेळी पोटदुखी, उलट्या, झोपमोड होत असेल, तर ती स्टेजची भीती समजून अंगावर काढू नये. बालरोगतज्ज्ञांना आणि मुलांच्या समुपदेशकांना दाखवावे. आणि घरातल्या मोठ्यांची धडधडीची किंवा झोपेची गोळी मुलाला कधीही देऊ नये.

त्या रात्री झोपताना मी विचारले, "पुढच्या वर्षी पुन्हा म्हणशील?" तिने जरा वेळ विचार केला आणि म्हणाली, "आत्ता पाच गुण आहेत. चालेल."