विरोध आणि वितंडा

शाळेतल्या वादविवाद स्पर्धांच्या तयारीसाठी पालकांच्या ग्रुपवर सध्या एक प्रॉम्प्ट फिरतोय. मुलाने विषय टाइप करायचा आणि खाली लिहायचं: "तू कठोर प्रतिस्पर्धी आहेस. माझ्या प्रत्येक मुद्द्याला विरोध कर." झालं, सरावाचा जोडीदार तयार! घरात भांडायला कुणी मोकळं नसेल तर चॅटबॉट आहेच.

माझं स्पष्ट मत आहे की हा प्रॉम्प्ट मुलांना वादविवाद शिकवत नाही, उलट बिघडवतो. आणि त्यावर सुचवला जाणारा उपाय, म्हणजे "मुलांशी प्रेमाने आणि प्रोत्साहन देत बोल" हे एक वाक्य वाढवणं, त्याहून वाईट आहे.

आपल्याकडे यासाठी फार जुने शब्द आहेत. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद. फक्त जिंकण्यासाठी, लबाडी करूनही चालतो तो जल्प. आणि स्वतःची कुठलीच बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत बसायचं, ती वितंडा. "प्रत्येक मुद्द्याला विरोध कर" ही शब्दशः वितंडेची ऑर्डर आहे. मशीन बिचारं ती इमानेइतबारे पुरवतं.

माझ्या आठवीतल्या भाचीचा विषय घेऊ: "शाळेत विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर संपूर्ण बंदी असावी". ती अनुकूल बाजूला. या प्रॉम्प्टवर समोरचा आधी म्हणतो, बंदी अमलात आणणं अशक्य. तिने लॉकर सुचवले की म्हणतो, बंदी इतकी कडक होईल की मुलं घाबरतील. म्हणजे आधी बंदी चालणारच नाही आणि मग ती फारच चालेल! खऱ्या स्पर्धेत कुठलाही परीक्षक ही विसंगती पकडेल, पण सरावात ती पकडायला कुणी नसतं. वर "एका संशोधनानुसार ७३ टक्के" छापाचा आकडा येतो, जो मुलीला तपासता येत नाही. ती काय शिकते? की वाद कधी जिंकता येत नाही, आणि आकडा ठोकून दिला की चालतो.

प्रेमळ प्रॉम्प्टचं दुखणं उलटं आहे. ही मॉडेल्स काही अंशी माणसांच्या पसंतीवरून घडवलेली असतात, आणि आपलं ऐकणारा माणसांना आवडतो. त्यामुळे मुलीने "नाही, तुझं चुकतंय" एवढंच दोनदा म्हटलं तरी तो विरघळतो आणि "संतुलित वापर हवा" वर येऊन बसतो. आता "नियंत्रित वापर" ही प्रतिकूल बाजूची उत्तम भूमिका होऊ शकते, पण ती पहिल्या वाक्यात घेतली तर. दाब आला म्हणून तिकडे घसरणं ही भूमिका नव्हे, ती माघार आहे.

थोडक्यात काय, तर "ठाम" आणि "न्याय्य" ही विशेषणं प्रॉम्प्टमध्ये लिहून काही होत नाही. तो स्वभाव नाही, ती कार्यपद्धती आहे. ठाम म्हणजे स्वतःची बाजू आहे आणि उत्तर मिळाल्याशिवाय ती सोडायची नाही. न्याय्य म्हणजे उत्तर मिळालं की सोडायची. कधी सोडायची हे लिहिलं नाही तर मशीन एक तर कधीच सोडत नाही किंवा लगेच सोडतं. मी लिहीन तो असा:

```
तू वादविवादात प्रतिकूल बाजू मांडतोस. समोर आठवीची विद्यार्थिनी आहे.
१. पहिल्या फेरीत तुझी भूमिका एका वाक्यात आणि तीन कारणं सांग. भूमिका बदलू नकोस.
२. दर फेरीत आधी तिचा मुद्दा तिला मान्य होईल असा एका वाक्यात सांग.
   मग त्यातल्या सर्वांत भक्कम भागाला उत्तर दे. शेवटी एकच प्रश्न विचार.
३. तिने कारण किंवा पुरावा देऊन तुझा मुद्दा खोडला तर तसं कबूल कर
   आणि तो पुन्हा आणू नकोस. नुसत्या ठासून बोलण्याला माघार नाही.
४. पुरावे फक्त खालच्या यादीतले. नवा आकडा, संशोधन, अवतरण नको.
५. "थांब" म्हटल्यावर दोन्ही बाजूंचे अनुत्तरित मुद्दे सांग. विजेता ठरवू नकोस.
```

खाली चार-पाच पुराव्यांची यादी शिक्षकाने किंवा पालकाने स्वतः तपासून टाकायची. हे काम मशीनवर सोडायचं नाही. या विषयासाठी दोन पुरावे छान आहेत. इंग्लंडमधल्या ९१ शाळांवरचा २०१५चा अभ्यास, ज्यात बंदीनंतर परीक्षेतले गुण वाढले, पण मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे. आणि स्वीडनमधला २०२०चा अभ्यास, ज्यात तसा काही परिणाम दिसला नाही.

आता खेळ कसा होतो पहा. भाची इंग्लंडचा अभ्यास मांडते. ठाम जोडीदार तो नाकारत नाही. हुशार मुलांना फायदाच झाला नाही, मग बंदी सरसकट कशाला, असं विचारतो. हा खरा प्रश्न आहे, तिला थांबून विचार करावा लागतो. तिने उत्तर दिलं की हुशार मुलांचं नुकसानही झालं नाही, आणि शाळेचे नियम मागे पडणाऱ्यांसाठीच तर हवेत, तर तो मुद्दा संपला. इथे न्याय्य जोडीदाराने तो सोडायलाच हवा. मग तो स्वीडनवर येतो, आणि तिथे ती अडकते. "थांब" म्हटल्यावर हाती काय येतं? शाबासकी नाही की पराभवही नाही. स्वीडनला उत्तर नाही, एवढी एक ओळ. उद्याची तयारी नेमकी कशाची करायची ते तिला कळलं.

आपण कोड न तपासता रिलीज करत नाही, मग हे तरी का करावं? मुलांच्या हाती देण्याआधी चार चाचण्या घ्या. कारण न देता तीनदा "चूक" म्हणा: तो हलता कामा नये. खरोखर बिनतोड कारण द्या: तो हललाच पाहिजे. यादीत नसलेला आकडा ठोकून द्या: त्याने पुरावा मागायला हवा. आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची: बाजू उलटवून पहा. बंदीच्या बाजूने तो जोरात आणि विरोधात मिळमिळीत असेल, तर तुम्हाला जोडीदार नाही, स्वतःचं मत असलेला परीक्षक मिळालाय.

मर्यादा आहेतच. संभाषण लांबलं की नियम पुसट होतात, माघारीचा नियम तर आधी. म्हणून सात-आठ फेऱ्यांनंतर नवं चॅट उघडा. आणि ज्या विषयाची दुसरी बाजू म्हणजे निव्वळ खोटी माहिती आहे, उदाहरणार्थ लसीकरण, तो या खेळात आणूच नका. तिथे "ठाम विरोध" म्हणजे मुलांच्या डोक्यात नीट रचलेलं खोटं भरणं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, स्पर्धा शाळेचीच तर आहे. पण समोरच्याचं म्हणणं आधी नीट सांगायचं आणि उत्तर सापडलं नाही तर तसं म्हणायचं, ही सवय आठवीत लागली तर लागते. नाही लागली तर काय होतं, ते पाहायला आपल्या ऑफिसमधली कुठलीही डिझाइन मीटिंग पुरेशी आहे.